लांबच्या प्रवासात इंजिनचा दिवा लागला तर काय करायचं

मंडळी, हा मेसेज लांब आहे. निघण्याआधी सगळ्यांनी एकदा वाचा आणि जो गाडी चालवणार आहे त्याच्या शेजारी बसणाऱ्याने दोनदा वाचा. दिवा लागतो तेव्हा चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर हवं, त्यामुळे बघणं, मोजणं आणि ठरवणं हे शेजारच्याचंच काम आहे.

आपण बोलतोय त्या दिव्याचं चित्र इंजिनच्या आडव्या आकृतीसारखं असतं आणि रंग पिवळा किंवा नारिंगी. किल्ली फिरवली की तो दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. ती दिव्याची रोजची तपासणी आहे, त्यात काळजीचं काही नाही. इंजिन सुरू असताना तो लागला तरच पुढचं सगळं लागू होतं.

लाल दिव्यांशी त्याची गल्लत करू नका. लाल तेलाची झारी म्हणजे इंजिनात तेलाचा दाब नाही. लाल थर्मामीटर म्हणजे इंजिन तापलंय. या दोन्हींत विचार करत बसायला वेळ नसतो, सुरक्षित जागा दिसली की लगेच गाडी उभी करून इंजिन बंद करायचं. तेलाच्या दाबाविना इंजिन काही मिनिटांतच कायमचं खराब होऊ शकतं. पिवळ्या दिव्याबरोबर यातला एखादा लाल दिवाही लागला असेल, तर लाल दिव्याचं ऐकायचं.

पिवळा एकटाच लागला असेल तर शेजारच्याने फक्त एक गोष्ट बघायची: दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? पाच सेकंद नीट बघा आणि मोठ्याने सांगा. "स्थिर आहे" किंवा "लुकलुकतोय". पुढचं सगळं या एका शब्दावर ठरतं.

दिवा स्थिर असेल तर

स्थिर दिव्याचा अर्थ असा की गाडीच्या कॉम्प्युटरला काहीतरी पटत नाहीये आणि त्याने त्याची नोंद करून ठेवली आहे. बहुतेक दोष त्याला लागोपाठ दोन प्रवासांत दिसले तरच तो दिवा लावतो, म्हणजे तुम्हाला दिवा आज दिसला तरी दोष कदाचित कालपासून होता. म्हणून घाबरून हायवेवर कुठेही थांबू नका. हायवेच्या कडेला थांबणं हे स्थिर दिव्यासह पुढे जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आहे का, इंजिन नेहमीसारखं गुळगुळीत चालतंय का आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी नेहमीसारखी उचलते का, एवढं बघा. तिन्हीची उत्तरं "हो" असतील तर वेग थोडा कमी करा, जोरात ओव्हरटेक टाळा आणि पुढच्या व्यवस्थित थांब्यावर, साधारण अर्ध्या तासाच्या आत, गाडी थांबवा. पेट्रोल पंप असेल तर उत्तम.

थांबल्यावर सगळ्यात आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून गाडीत एक बंद यंत्रणा असते आणि झाकण नीट बसलं नसेल तर कॉम्प्युटरला ती गळती वाटते. झाकण काढून आतली रबरी रिंग बोटाने फिरवून बघा. तिला चीर आहे का बघा आणि कडेला माती चिकटली असेल तर ती पुसून घ्या. मग झाकण टिक-टिक आवाज येईपर्यंत फिरवा. लक्षात ठेवा, झाकण लावल्या लावल्या दिवा विझत नाही. कॉम्प्युटरला तीच तपासणी पुन्हा काही प्रवासांत यशस्वी झालेली दिसावी लागते, मग तो स्वतःच दिवा घालवतो. त्यामुळे "झाकण लावलं तरी दिवा तसाच आहे" एवढ्यावरून दोष दुसरा आहे असं ठरवू नका.

नंतर तेलाची पट्टी बघा. गाडी सपाट जागी उभी असावी आणि इंजिन बंद करून पाचेक मिनिटं झालेली असावीत. पट्टी काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग काढून तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. कूलंटची पातळी बाहेरूनच, पारदर्शक टाकीवर बघायची. गरम इंजिनवर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण कुणीही उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर उडतं.

हे सगळं ठीक असेल तर स्थिर दिव्यासह त्या दिवसाचा प्रवास शांतपणे पूर्ण करता येतो आणि मुक्कामाला पोहोचल्यावर स्कॅनर लावून घेता येतो. स्थिर दिव्याबद्दल एवढं पुरे. खरा घोळ पुढच्या प्रकारात होतो.

दिवा लुकलुकत असेल तर

लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो. इंजिनच्या एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये. मेकॅनिकच्या भाषेत गाडी मिसिंग मारतेय. तुम्हाला ते अंगावरही जाणवेल. गाडी थरथरते, झटके देते, चढाला ताकद मिळत नाही आणि उभी असताना स्टिअरिंग हातात एका ठेक्यात हलतं.

यात इंजिनपेक्षा जास्त धोका सायलेन्सरच्या पाइपातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला असतो. कन्व्हर्टर म्हणजे धातूच्या डब्यात बसवलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली चिनीमातीची वीट. इंजिनातून आलेला विषारी धूर या छिद्रांतून जाताना साफ होतो. सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही तर ते हवेसकट तसंच या गरम विटेत जातं आणि तिथे पेटतं. थोडा हिशोब करून बघा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलेंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला 25 वेळा. एक सिलेंडर पूर्ण बंद पडला तर कच्च्या पेट्रोलचे सेकंदाला 25 फवारे त्या विटेवर जातात. वीट हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते, तिची छिद्रं वितळून बुजतात, धूर अडतो आणि मग गाडी चढाला उचलतच नाही. कन्व्हर्टर हा गाडीतल्या सर्वात महाग भागांपैकी एक आहे आणि तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ठिणगी देणाऱ्या कॉइलचं किंवा प्लगचं छोटं दुखणं इतक्या मोठ्या खर्चावर जाऊ नये, म्हणूनच तो दिवा स्थिर न राहता लुकलुकतो.

यासाठी कॉम्प्युटर दोन प्रवासांची वाटही बघत नाही. इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, फिरण्यातला बारीकसा झोल मोजून तो न पेटलेले ठोके मोजत असतो आणि दर 200 फेऱ्यांचा हिशोब करतो. 3000 फेऱ्यांच्या वेगाला हे चार सेकंदांत होतं. म्हणजे लुकलुकणं सुरू झालं तेव्हा दोष ताजा असतो आणि तुमच्या हातात अजून बरंच काही असतं.

दिवा लुकलुकू लागला की हे करा.

पाय ॲक्सिलरेटरवरून सावकाश उचला. ओव्हरटेक अर्ध्यात असेल आणि मागे यायला जागा असेल तर मागे या. एसी बंद करा, म्हणजे इंजिनवरचा एक भार कमी होईल. गाडी चढावर असेल तर एक गिअर खाली घ्या आणि पाय हलका ठेवा. वरच्या गिअरमध्ये पाय दाबून गाडी ओढू नका. ऑटोमॅटिक गाडीतही फक्त पाय हलका करा, गिअर आपोआप खाली पडेल, म्हणजे किक-डाऊन होईल, इतका दाबू नका.

यामागचं कारण समजलं तर पाय आपोआप योग्य पडेल. सिलेंडरमध्ये हवेचा दाब जितका जास्त, तितकी ठिणगी पडायला कठीण. ॲक्सिलरेटर दाबला की सिलेंडरमध्ये हवा जास्त भरते आणि दाब वाढतो. दमलेली कॉइल सपाट रस्त्यावर कशीबशी ठिणगी देते, पण भरलेली गाडी चढावर पाय दाबून नेली की तिला ते जमत नाही. म्हणून मिसिंग बहुधा चढावर, ओव्हरटेक करताना आणि गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असतानाच उघड होतं. भार काढला की बऱ्याचदा लुकलुकणं थांबतं.

थांबलं, तर हळूहळू पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जा आणि थांबा. भार काढूनही दहा-पंधरा सेकंदांत लुकलुकणं थांबलं नाही, तर मिळेल त्या पहिल्या सुरक्षित जागी गाडी उभी करा आणि इंजिन बंद करा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

इथे एक फसवी गोष्ट आहे आणि अनुभवी चालकही तिला फसतात. काही गाड्यांचा कॉम्प्युटर काही वेळ लुकलुकून झाल्यावर त्या बंद सिलेंडरचं पेट्रोलच तोडतो, म्हणजे कन्व्हर्टर वाचतो. मग दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होतो. चालकाला वाटतं, चला, निवळलं. पण गाडी अजून थरथरतेय, तीन सिलेंडरवर चालतेय. त्यामुळे एकदा लुकलुकलेला दिवा स्थिर झाला तर दिव्यावर विश्वास ठेवू नका, गाडीच्या थरथरीवर ठेवा. गाडी थरथरत असेल तर दोष तसाच आहे.

जागा निवडताना वाळलेलं गवत, पाचोळा किंवा पेंढा असलेली कड टाळा. तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो आणि त्याने गवत पेटू शकतं. मुरुम, डांबर किंवा काँक्रीट बघा. हजार्ड दिवे लावा, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा, सगळ्यांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दारातून उतरवा आणि गाडीपासून लांब, कठड्याच्या पलीकडे उभं करा. लहान मुलं असतील तर एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे बघेल, दुसरं काही करणार नाही.

थांबल्यावर काय बघायचं

आधी वास घ्या. सायलेन्सरच्या तोंडाशी कच्च्या पेट्रोलचा वास म्हणजे सिलेंडर पेटत नाही. सडक्या अंड्यासारखा वास किंवा खालून लालसर झाक दिसली, तर कन्व्हर्टर आधीच जास्त तापलाय. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू करू नका, टोईंगच बोलवा.

मग आठवून बघा की गेल्या तासाभरात काय झालं. नुकतंच पेट्रोल भरलं होतं का? भरल्यानंतर थोड्याच किलोमीटरमध्ये त्रास सुरू झाला असेल तर पेट्रोलमध्ये पाणी असण्याची किंवा चुकीचं इंधन भरलं गेल्याची शंका घ्या. पंपाची पावती जपून ठेवा आणि गाडी आणखी पळवू नका. जोरदार पावसातून किंवा साचलेल्या पाण्यातून आलात का, किंवा काल कुणी इंजिन पाण्याने धुतलं का? मग प्लगच्या खोबणीत पाणी गेलं असेल. गाडी गॅसवर आणि पेट्रोलवर अशी दोन्हींवर चालत असेल तर दुसऱ्या इंधनावर टाकून बघा. एकावर गुळगुळीत आणि दुसऱ्यावर थरथर असेल तर निम्मा शोध तिथेच संपतो.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्लगच नसतो, त्यामुळे इथलं प्लग-कॉइलचं काही तिला लागू पडत नाही. डिझेलमध्ये स्प्रिंगसारख्या आकृतीचा पिवळा दिवा चालताना लुकलुकला आणि गाडीची ताकद गेली, तर गाडी बचाव मोडमध्ये गेलेली असते. तेव्हाही हळू चालवत वर्कशॉपच गाठायचं.

कोड कसा वाचायचा

ओबीडी स्कॅनर म्हणून एक छोटं यंत्र मिळतं, ते ब्लूटूथने फोनला जोडता येतं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम असू द्या. जोडायचं भोक बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास असतं. ते वरून रुंद आणि खालून अरुंद असं असून त्यात 16 पिना असतात. यंत्र जोडा, किल्ली दुसऱ्या टप्प्यावर ठेवा, इंजिन सुरू करू नका. फोनच्या ॲपमधून कोड वाचा.

मिसिंगचे कोड ओळखणं सोपं आहे. P0301 म्हणजे पहिला सिलेंडर, P0302 म्हणजे दुसरा, P0303 तिसरा आणि P0304 चौथा. P0300 आला तर मिसिंग एका जागी नाही, सगळीकडे फिरतंय. तेव्हा कॉइलच्या मागे न लागता पेट्रोल किंवा कुठूनतरी आत शिरणारी जादा हवा यांची शंका घ्या. P0455 किंवा P0457 दिसला तर तो टाकीतल्या वाफेच्या गळतीचा आहे. तेव्हा पुन्हा झाकणाकडे बघा.

कोडसोबत "freeze frame" नावाचं पान असतं. दोष नोंदला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, भार किती टक्के होता, तापमान किती होतं हे त्यात लिहिलेलं असतं. त्याचा स्क्रीनशॉट आधी काढा. कोड पुसलात तर हे पानही पुसलं जातं आणि मेकॅनिकला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्ला रस्त्यावर कुणीतरी हमखास देतं. तो ऐकू नका. त्यानेही नोंद जाते आणि दोष जिथल्या तिथेच राहतो.

एक प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, चार सिलेंडरची पेट्रोल गाडी आहे. 64 हजार किलोमीटर चाललेली, प्लग अजून मूळचेच. चार माणसं आणि भरलेली डिकी. घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये, ताशी सत्तरच्या वेगाने ट्रक ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि गाडीला झटके बसू लागले. दिवा लुकलुकतोय.

चालकाने ओव्हरटेक सोडलं, तिसरा गिअर घेतला, वेग पंचेचाळीसवर आणला, एसी बंद केला. काही सेकंदांत झटके थांबले आणि दिवा स्थिर झाला. दीड किलोमीटरवर मुरुमाची रुंद जागा मिळाली, तिथे गाडी थांबवली. उभ्या गाडीत इंजिन नेहमीसारखं चालतंय, थरथर नाही. कच्च्या पेट्रोलचा वास नाही. इंजिन बंद करून स्कॅनर लावला: P0302. नोंदलेल्या पानावर 2900 फेरे, 88 टक्के भार, 93 अंश तापमान. म्हणजे इंजिन तापलेलं नाही, दोष दुसऱ्या सिलेंडरमध्ये आहे आणि तो फक्त भाराखाली येतो. हे लक्षण बहुधा कॉइल किंवा प्लगचं असतं.

आता पुढचं काम ज्यांना हातात पाना धरायची सवय आहे त्यांनीच करायचं. बाकीच्यांनी इथे थांबून मेकॅनिक बोलवावा. कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, म्हणून इंजिन बंद आणि किल्ली खिशात. इंजिन थंड व्हायला निदान अर्धा-पाऊण तास द्या.

वरचं प्लास्टिकचं कव्हर बहुधा नुसतं वर ओढलं की निघतं. खाली एका ओळीत चार काळ्या कॉइल दिसतील, प्रत्येक सिलेंडरवर एक. बहुतेक गाड्यांत पहिला सिलेंडर पट्टे असलेल्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाचा असतो. पण काही कंपन्या उलट, गिअरबॉक्सकडून मोजतात, म्हणून गाडीच्या पुस्तकात खात्री करून घ्या. इथे चूक झाली तर पुढचा सगळा शोध चुकतो.

दुसऱ्या कॉइलचा वायरचा जोड काढताना त्याची खीळ दाबा आणि मग ओढा. उष्णतेने ते प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर खीळ तुटते आणि जोड पुढे सैल राहतो. सैल जोड म्हणजे नवीन मिसिंग. मग कॉइलचा बोल्ट काढा, बहुतेक ठिकाणी दहा नंबरचा पाना लागतो. कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सरळ वर ओढा.

कॉइल हातात आली की खालचा लांब रबरी भाग उजेडात नीट बघा. त्यावर वरून खाली जाणारी केसाएवढी पांढरी किंवा राखाडी रेघ दिसली, तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या रेघेवरून बाहेर उडत होती. रबर ओलं असेल तर खोबणीत पाणी आहे. तेलकट असेल तर वरच्या कव्हरची गॅस्केट गळतेय. ओलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि खोबणी कोरडी होऊ द्या. नुसतं एवढ्यानेही गाडी सुधारते.

रेघ नाही, ओल नाही. मग दुसऱ्या आणि पहिल्या सिलेंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. वायरचे जोड मात्र आपापल्या सिलेंडरलाच लावा. जोड बसल्यावर टिक असा आवाज आला पाहिजे. बोल्ट हलक्या हाताने घट्ट करा, खाली ॲल्युमिनियम असतं, जास्त जोर दिला तर आटे जातात. स्क्रीनशॉट फोनमध्ये असल्याची खात्री करून कोड पुसा आणि गाडी सुरू करा.

सहा किलोमीटरवर पुन्हा चढ लागला, पुन्हा हलकासा झटका बसला आणि स्कॅनरवर P0301. दोष कॉइलच्या मागोमाग पहिल्या सिलेंडरवर गेला, म्हणजे कॉइलच खराब आहे. जर पुन्हा P0302 आला असता, तर कॉइल निर्दोष आणि दोष प्लग, इंजेक्टर किंवा सिलेंडरच्या दाबात असता. तो रस्त्यावर शोधण्यासारखा नाही. आणि जर दोष परत आलाच नसता, तर जोड सैल होता किंवा ओल होती आणि हात लावताना तो दुरुस्त झाला.

कॉइल खराब ठरली, पुढचं मोठं गाव पस्तीस किलोमीटरवर, रस्ता बहुतेक उताराचा आणि सपाट. अशा वेळी जाता येतं, पण अटी पाळून. वेग ताशी 50 ते 60, पाय हलका, ओव्हरटेक नाही, एसी बंद, आणि शेजारच्याचे डोळे दिव्यावर. चढावर क्षणभर लुकलुकून थांबला तर चालेल. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने चालवतानाही लुकलुकू लागला किंवा गाडी सतत थरथरू लागली, तर तिथेच थांबायचं आणि टोईंग बोलवायचं. पुढचा रस्ता घाटाचाच असेल तर निघूच नका, पस्तीस किलोमीटर तर दूरच, पाचही नको. टोईंगवाल्याला गाडी ऑटोमॅटिक आहे का ते आधीच सांगा. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढायची नसते, ती गाडीवर चढवूनच न्यायची.

वर्कशॉपमध्ये फक्त कॉइल बदलून निघू नका. प्लग काढून बघायला सांगा. प्लगच्या दोन टोकांमधली फट सर्वसाधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपास असते. पुस्तकात तुमच्या गाडीचा नेमका आकडा मिळेल. या प्रसंगातल्या गाडीत ती 1.4 झालेली आढळली. टोकं झिजली की फट वाढते, ठिणगीला जास्त उडी मारावी लागते आणि कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. साधे निकेलचे प्लग साधारण 20 ते 40 हजार किलोमीटरला बदलायचे असतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास चालतात. झिजलेल्या प्लगवर नवी कॉइल लावली तर तीही लवकर जाईल. म्हणून इथे एक कॉइल आणि चारही प्लग. कन्व्हर्टर बदला म्हणून कुणी सांगितलं तर आधी मिसिंग थांबवून काही दिवस गाडी चालवू द्या आणि मग P0420 हा कोड येतोय का बघा. तो आला नाही तर कन्व्हर्टर शाबूत आहे.

ग्रुपवर मदत मागताना

"दिवा लागलाय, काय करू?" एवढ्या मेसेजवर कुणालाच काही सांगता येत नाही. एकाच मेसेजमध्ये हे लिहा: दिवा स्थिर की लुकलुकता, गाडी थरथरतेय का, तापमानाचा काटा कुठे आहे, सपाट रस्ता होता की चढ, शेवटचं पेट्रोल कधी भरलं, कोड असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आणि तुमचं लोकेशन. डॅशबोर्डचा फोटो हवाच, पण तो इंजिन सुरू असताना काढलेला हवा. नुसती किल्ली फिरवून काढला तर तेल, बॅटरी, इंजिन असे सगळे दिवे लागलेले दिसतात आणि खरा कुठला ते कळत नाही. इंजिन सुरू करायचंच नाही अशा अवस्थेत असाल, म्हणजे अंड्यासारखा वास आहे किंवा लाल दिवा लागला होता, तर फोटो राहू द्या आणि सरळ फोन करा.